चिठ्ठीच्या खालच्या दोन ओळी

पंचवटी कारंज्याकडून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत जे मेडिकल आहे, त्याच्या काउंटरमागे सावळीराम एकतीस वर्षं उभा आहे. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट शेठचं. शेठ दुपारी चार वाजता येतात, गल्ल्याजवळ बसतात आणि पेपर वाचतात. औषधं मात्र सावळीरामच्या हातातून जातात. सिन्नरकडच्या एका खेड्यातून हा गडी दहावी करून आला, आधी खोकी उचलली, मग फळ्या पुसल्या, आणि पुसता पुसता कोणती गोळी कुठल्या खणात हे त्याच्या बोटांना पाठ झालं.

त्याची खरी कीर्ती मात्र वेगळीच होती. डॉक्टरांचं अक्षर त्याला लागायचं. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर शुभांगींचा दवाखाना आहे. बाई फार हुशार, फार मायाळू, पण अक्षर असं की त्यांचं त्यांना दुसऱ्या दिवशी लागणार नाही. त्यांची चिठ्ठी घेऊन माणसं दुसऱ्या मेडिकलला गेली की तिथला पोरगा चिठ्ठी उलटी-सुलटी करायचा आणि शेवटी म्हणायचा, "सावळीरामकडं जा." सावळीराम चष्मा कपाळावर सरकवून एक नजर टाकायचा आणि हात थेट खणात. "वाचायचं काय त्यात?" म्हणायचा. "गोळीचं नाव, किती पॉवरची आणि किती वेळा. बाकी सगळा मसाला."

हे तो हसत म्हणायचा आणि गिऱ्हाईकही हसायचं. लोक त्याला अर्धा डॉक्टर म्हणत. तो नको नको म्हणे, पण त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जात.

दुकानाची रीतही तशीच होती. जुनी माणसं चिठ्ठी आणतच नसत. संपलेल्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा आणत. सावळीराम तुकडा बघे आणि जुळती स्ट्रिप काढून देई. कधी कधी एखादा जुना माणूस नवी चिठ्ठी घेऊन येई. बीपीची इतके दिवस चाललेली एनालाप्रिल किंवा रामिप्रिल खोडलेली असे आणि तिच्या जागी टेल्मिसार्टन लिहिलेली असे. वर्षात पाच-दहा वेळा तरी. "नव्या कंपनीचा माणूस दवाखान्यात येऊन गेलेला दिसतोय," असं म्हणून तो डोळा मिचकावी आणि नवी स्ट्रिप पुढे करी. का बदलली, हे त्याने एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि गिऱ्हाईकाने आपणहून सांगितलं असेल, तरी ते त्याच्या कानावरून गेलं असेल.

त्याची बायको तानुबाई. पंचवटीतल्या तीन घरी पोळ्या लाटायची. तिच्या पोळ्यांना पदर सुटायचे आणि थंड झाल्या तरी वातड होत नसत. रामकुंडावर यजमानांचे विधी करणाऱ्या एका गुरुजींच्या घरी ती अकरा वर्षं जात होती. त्या घरच्या कुसुमकाकूंचं आणि तिचं विशेष जमायचं. तानुबाईला अक्षरओळख नव्हती. बसचा बोर्डसुद्धा ती रंगावरून आणि गर्दीवरून ओळखायची. पण तिला त्याची खंत नव्हती. "आमच्या ह्यांना डॉक्टरचंबी वाचता येतंय, मग मला कशाला पाहिजे?" असं ती सगळ्यांना सांगायची.

दिवाळीनंतर तिचं डोकं जड पडायला लागलं. सावळीरामने दुकानातल्या मशीनवर बीपी मोजलं, तर एकशे सत्तरच्या वर. तेव्हा मात्र तो तिला डॉक्टर शुभांगींकडे घेऊन गेला. त्यांनी रक्त-लघवी तपासली, साखरही थोडी वाढलेली निघाली. मग एनालाप्रिल लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि एक महिन्याने परत यायला सांगितलं. सावळीरामने चिठ्ठी हातात घेतली, चालता चालता नजर टाकली, घडी घातली आणि औषधांच्या पिशवीत ठेवून दिली.

महिन्याने तानुबाईने विचारलं, "जायचं ना डाक्टरकडं?"

"कशाला?" तो म्हणाला. "बीपी मी मोजतोय, एकशे तीस आलंय. गोळी माझ्या दुकानात हे. तिथं दोन तास बसून त्या काय येगळं सांगणार?"

हे ऐकून तिला बरंच वाटलं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसणं तिला कधीच आवडलं नव्हतं. रोज सकाळी सात वाजता तो स्ट्रिपमधून गोळी फोडायचा आणि ती तळहात पुढे करायची. घरातला हा एवढाच एक सोहळा होता. पूजा, त्यांची मुलगी, सिन्नरला दिली होती, ती माहेरी आली की आईची थट्टा करायची, "आई, तीर्थ घेतल्यासारखी घेतेस गं!"

संक्रांत गेली आणि तिला खोकला सुरू झाला. कोरडाच. कफ नाही, ताप नाही, नाकही वाहत नाही. घशात केस अडकल्यासारखं व्हायचं, की मग ठसक्यावर ठसका. आडवं झालं की जास्त. सावळीरामने पहिल्यांदा लाल सिरप आणलं, मग हिरवं, मग मधाचं, मग झोप येणारं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. ओळखीच्या माणसाकडून छातीचा एक्स-रे काढून आणला, तोही स्वच्छ निघाला. "पिठाचा असंल," तो म्हणाला. मग म्हणाला, उदबत्तीचा असेल. मग म्हणाला, रस्ता खोदून ठेवलाय त्या धुळीचा असेल. कारणं त्याला कमी पडत नव्हती. प्रत्येक कारणाला एक बाटली होती. आणि रोज सकाळी सातला गोळी चालूच होती, कारण गोळीचं आणि खोकल्याचं काही नातं असेल हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. गोळी बीपीची होती. खोकला घशाचा होता. दुकानात दोघांचे खण वेगळे होते.

खोकणारी बाई कणकेजवळ कोणाला नको असते. करोनानंतर तर नकोच. पहिल्या घराने सुट्टी घे म्हणून सांगितलं आणि पुन्हा बोलावलंच नाही. दुसऱ्या घरी नवीन बाई आली. कुसुमकाकूंनी आषाढापर्यंत धीर धरला. मग एक दिवस त्यांनीच खाली मान घालून सांगितलं, "तानुबाई, घरी श्राद्धाचं जेवण असतं गं, माणसं बघतात. बरी झालीस की ये. तुझी जागा मी कोणाला देत नाही." तानुबाई घरी आली आणि पोळपाट धुऊन पालथा घातला. त्या दिवशी ती जेवली नाही. सावळीरामने तिला नवीन बाटली दिली. आपण एवढ्या जणांना बरं करतो आणि घरातला खोकला हटत नाही, याची त्याला आता लाज वाटू लागली होती, म्हणून तो कोणाजवळ बोलेना. डॉक्टर शुभांगी रोज सकाळी दुकानासमोरून जात. तो त्यांना नमस्कार करी आणि घरचं सगळं ठीक म्हणून सांगी.

असं दुसऱ्या वर्षीची दिवाळी उलटून गेल्यावर एक दिवस सकाळी तानुबाई उठली तर तिचा वरचा ओठ सुजलेला. एका बाजूने टम्म. खाज नाही, अंगावर पित्ताच्या गांध्या नाहीत, दुखतही नव्हता. "मुंगळा चावला वाटतं," ती म्हणाली आणि आरशात बघून स्वतःच हसली. सावळीरामने दुकानातून ॲलर्जीची गोळी आणली. संध्याकाळपर्यंत सूज अर्ध्यावर आली, दुसऱ्या दिवशी ओठ होता तसा झाला.

"बघ," तो म्हणाला, "एका गोळीत खेळ खलास."

ती सूज आपली आपणच उतरली होती, हे त्याला तेव्हा कोण सांगणार? त्याला वाटलं, आपली गोळी लागू पडली. किती महिन्यांनी त्याच्या हाताला यश आलं होतं. तो त्या दिवशी दुकानात शीळ घालत होता, शेठनीसुद्धा पेपरातून मान वर करून बघितलं.

तीन आठवडे गेले. मार्गशीर्षातला गुरुवार होता. सातला गोळी झाली. साडेआठला तानुबाई देवीच्या घटाला फुलं वाहत होती आणि सावळीराम शर्टाची बटणं लावत होता. तिने काहीतरी म्हटलं. त्याला कळलं नाही.

"तोंडात काय घेतलंयस?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा बोलली. शब्द सगळे एकमेकांत मिसळलेले. तिने तोंड उघडून दाखवलं. जीभ दातांवर येऊन टेकली होती. खालचा ओठ, हनुवटी, गाल, बघता बघता भरत चालले होते. सावळीरामने धावत जाऊन ॲलर्जीची गोळी आणली. तिने ती जिभेवर घेतली, पाणी घेतलं, पण गिळता येईना. पाणी दोन्ही बाजूंनी गळ्यावर सांडलं आणि गोळी साडीवर पडली. तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती, हे त्याला पुढे सगळ्यांत जास्त छळत राहिलं. आता हे काय ते करतील, अशा नजरेने ती बघत होती.

गिऱ्हाईकांना तो नेहमी सांगायचा, दवाखान्यात जाताना कागद घेऊन जा. त्या सवयीने त्याने औषधांची पिशवी उचलली आणि रिक्षा थांबवली. निमाणीच्या स्टँडसमोर एक बस वळत होती आणि तिच्यामागे अर्धं पंचवटी अडकलं होतं. तानुबाई पुढे वाकून बसली होती, लाळ पदरात झेलत. श्वास घेताना आता आवाज येत होता. सावळीराम रिक्षातून उतरून बसवाल्यावर ओरडला, मग रडला, मग परत येऊन बसला. बस तिच्या वेळेनेच वळली.

मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत डॉक्टर मयुरेश म्हणून एक तरुण होते. त्यांनी तानुबाईला उभ्या पाठीने बसवलं, तोंडावर ऑक्सिजन लावला, मांडीत एक इंजेक्शन दिलं, शिरेतून दोन. सावळीरामला लांबून काचेच्या बाटल्या ओळखू आल्या. ॲड्रेनलिन, ॲलर्जीचं, स्टिरॉइड. त्याला जरा हायसं वाटलं. ही औषधं तो ओळखत होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सूज उतरली नाही, वाढली.

"अंगावर पुरळ? खाज? नवीन काही खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय हो."

"बीपीची गोळी चालू आहे? कोणती?"

"एनालाप्रिल. पाचची. तेरा महिने झाले. मी मेडिकलमधी असतो, मीच देतो."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. "भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही. लगेच." मग ते सावळीरामकडे वळले. "खोकला होता का? कोरडा?"

"अकरा महिने," सावळीराम म्हणाला. "पण त्याचं काय..."

"आणि अशी सूज आधी कधी?"

"एकदा. ओठाला. ॲलर्जीच्या गोळीने उतरली."

"नाही काका," डॉक्टर मयुरेश भरभर बोलत होते, हात चालूच होते. "ती आपोआप उतरली. ही ॲलर्जीची सूजच नाही, म्हणून तर ही इंजेक्शनं लागू पडत नाहीत. या प्रिल गटातल्या गोळ्यांनी अंगात एक द्रव्य साठत जातं. काही जणांना त्याने खोकला येतो. क्वचित, हजारात दोन-चार जणांना, ही अशी सूज येते. पहिल्या आठवड्यात येईल, नाहीतर वर्षांनी येईल. आता श्वासाची वाट उघडी ठेवणं, एवढंच काम. कागद आहेत का काही?"

सावळीरामने पिशवी दिली. भूल देणाऱ्या बाई तोवर आल्या होत्या. नाकातून नळी घालायची तयारी सुरू झाली. डॉक्टर मयुरेशनी घडी घातलेली चिठ्ठी उलगडली, दिव्याखाली धरली.

"गोळी दिसतेय. हे खाली दोन ओळी काय लिहिल्यात? मला अक्षर लागत नाही. दुसरी कसली ॲलर्जी आहे का, जुना आजार आहे का, मला कळायला हवं. तुम्ही मेडिकलवाले ना काका? वाचा पटकन."

सावळीरामने चष्मा कपाळावर सरकवला. चिठ्ठीचा कागद घडीवर पिवळा पडला होता. खालच्या दोन ओळी त्याने तेरा महिन्यांत पहिल्यांदा बघितल्या. त्या त्याला एका नजरेत लागल्या.

"मोठ्यानं वाचा," डॉक्टर म्हणाले.

"एक महिन्याने परत दाखवणे," सावळीरामने वाचलं. "कोरडा खोकला सुरू झाल्यास गोळी बदलू, लगेच येणे. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजल्यास..." त्याला पुढे वाचता येईना. अक्षर लागत होतं. आवाज लागत नव्हता.

"सुजल्यास?"

"गोळी ताबडतोब बंद. पुन्हा घेऊ नये. इस्पितळात जाणे."

डॉक्टर मयुरेशनी चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली आणि पडदा ओढून घेतला. ते रागावले असते, ओरडले असते, तर सावळीरामला बरं वाटलं असतं. पडद्याच्या अलीकडे तो उभा राहिला. पलीकडे तानुबाईचा श्वास शीळ घालत होता. नाकातून नळी जाईना, सूज खालपर्यंत गेली होती. मग कोणीतरी म्हणालं, गळ्यातून घ्या, वेळ नाही. कात्रीचा, चिमट्याचा आवाज झाला. शीळ थांबली. ती कशाने थांबली हे कळेपर्यंत सावळीराम दोन्ही हातांनी पडदा धरून उभा होता, आणि एकतीस वर्षांत पाठ झालेल्या हजार औषधांतलं एकही नाव त्याला आठवत नव्हतं.

ती वाचली. गळ्याला भोक पाडून तिथून श्वास दिला होता. सूज उतरायला तीन दिवस लागले, नळी निघायला नऊ. त्या नऊ दिवसांत तिला बोलता येत नव्हतं आणि लिहून दाखवायला तिला अक्षर येत नव्हतं. ती हाताने खुणा करायची. तहान लागली, पाय दुखतायत, देवीचा घट हलवला का. सावळीराम बाकड्यावर बसून खुणा वाचायचा आणि निम्म्या चुकवायचा.

निघायच्या दिवशी डॉक्टर मयुरेशनी नवी चिठ्ठी दिली आणि एकेक ओळ बोट ठेवून समजावली. "ही ॲम्लोडिपिन. वेगळ्या गटातली. नुसता खोकलाच असता ना, तर टेल्मिसार्टनसारखी सार्टन गटातली दिली असती, तीन-चार आठवड्यांत खोकला गेला असता आणि विषय तिथेच संपला असता. आता अशी सूज येऊन गेलीय, त्यामुळे तीही मी घाईने देणार नाही. साखरेमुळे मूत्रपिंड जपायला ती पुढे लागली तर डॉक्टर शुभांगी बघून ठरवतील. प्रिल शेवटी असलेली कुठलीही गोळी आयुष्यात पुन्हा नाही. कंपनी बदलली, नाव बदललं, तरी नाही. ही गोळी चालत नाही असं लिहिलेलं हे कार्ड कायम त्यांच्याजवळ ठेवा. या नव्या गोळीने पावलांवर थोडी सूज येऊ शकते, ती वेगळी, तिला घाबरू नका, पण येऊन दाखवा. आणि महिन्याने..."

"येतो," सावळीराम म्हणाला. "महिन्यानं येतो."

विषय तिथेच संपला असता, हे शब्द त्याच्याबरोबर रिक्षात बसून घरी आले.

दोन दिवसांनी कुसुमकाकू भेटायला आल्या. तानुबाईचा आवाज घोगरा झाला होता, गळ्यावर पट्टी होती, पण बोलायला ती अधीर झाली होती. "काकू, काय सांगू, जीभ ही एवढी! पण ह्यांनी लगोलग गोळी आणली, रिक्षा केली. दुसऱ्या कुणाच्या घरी असते तर गेले असते बघा. डाक्टरचं सगळं ह्यांना कळतंय म्हणून वाचले." कुसुमकाकूंनी सावळीरामकडे कौतुकाने बघितलं. तो चहा आणतो म्हणून आत गेला आणि गॅस न पेटवता ओट्याजवळ उभा राहिला. खोकला अजून अधूनमधून येत होता. बाहेरचा प्रत्येक ठसका तो मोजत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो तिच्यासमोर बसला. नवी स्ट्रिप आणि जुनी चिठ्ठी, दोन्ही त्याच्या हातात होत्या.

"तानू, ऐक. ह्या कागदावर सगळं लिव्हलेलं व्हतं. खोकला आला तर या, सूज आली तर गोळी बंद. मी वाचलंच नाय. ती गोळी मी तुला रोज दिली. ओठ सुजल्यावरबी दिली. तुझी कामं माझ्यापायी गेली. तुझा गळा माझ्यापायी चिरला."

तिने चिठ्ठी हातात घेतली, खालच्या ओळींच्या जागी वरच्या ओळींवर बोट फिरवलं.

"हितं लिव्हलंय का?" तिने विचारलं.

"हितं नाय," तो म्हणाला, "खाली."

तिने चिठ्ठीची घडी घातली आणि त्याला परत दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रागावली नाही. तिने रागवावं म्हणून तो थांबला होता.

"आता नवी चिठ्ठी तरी वाचली का सगळी?" नव्या स्ट्रिपकडे बघून तिने विचारलं.

"वाचली. तीन येळा. पण तानू, आता माझ्या हातनं घेऊ नको. पूजाला फोन करू, शुभांगी डाक्टरांना दाखवू, त्यांच्याकडून खात्री करून..."

"पूजा सिन्नरला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "डाक्टर त्यांच्या दवाखान्यात. मला अक्षर येत नाय. मग रोज सात वाजता मी कुणाच्या हातनं घेऊ?"

तिने नेहमीसारखा तळहात पुढे केला. त्याने गोळी फोडली, ती जमिनीवर पडली, मग दुसरी फोडली. तिने गोळीकडे बघितलंसुद्धा नाही, तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. सावळीराम तिच्या ओठांकडे बघत बसला. साडेआठ वाजले, नऊ वाजले, दुकान उघडायची वेळ टळून गेली, तरी तो बघतच होता.